मदत हवी आहे : कथेतील पुसट कार्ड आणि शेराचे माप

परदेशात राहणारी एक स्त्री आईच्या पाककृतींची हस्तलिखित कार्डे संगणकावर टंकित करीत आहे, अशी लघुकथा मी लिहीत असून तिच्यातील एका मापाबाबत मला जाणकारांची मदत हवी आहे. एका कार्डावर ‘पीठ पा… शेर, साखर 10 तोळे’ एवढेच वाचता येते. मधली शाई ओल्या बोटाने फिसकटली आहे. 80 तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा असल्याने ‘पाव’ वाचल्यास पीठ 233 ग्रॅम होते, तर ‘पाऊण’ वाचल्यास जवळजवळ 700 ग्रॅम. साखर मात्र 117 ग्रॅमच राहते, म्हणून गोड पदार्थासाठी नायिका ‘पाव’ स्वीकारते, आणि ते मला पटते.

खरी अडचण पुढे आहे. शेर हे वजन होते, तसेच दोन मापट्यांचे भरून मोजायचे मापही होते, आणि पीठ सैल भरले की दाबून, यावर त्याचे वजन बरेच बदलते. साखर तोळ्यांत लिहिणारी आई पीठही तराजूनेच तोलत असेल, असे नायिकेने गृहीत धरणे योग्य ठरेल का, की एकाच कृतीत वजन आणि माप यांची सरमिसळ होत असे?