मदत हवी आहे: नॅन्डवर ६४ मक्सचा लोड, बफर घालूनही डिले कमी होईना

मधुरा_पंचवटी
नमस्कार. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी गाईडना दाखवायचाय. दोन-इनपुट नॅन्डच्या आउटपुटवर ६४ मक्सची सिलेक्ट लाइन आहे. डिले १.३१ नॅनोसेकंद येतोय, मला ५०० पिकोसेकंदांच्या आत हवाय. मध्ये दोन इन्व्हर्टर घातले तर १.०६ झाला. चार घातले तर उलट १.१२! अजून किती घालू? प्लीज लवकर सांगा.

अंबडकर
ताई, ६४ चा फॅन-आउट कुठल्याच गेटला झेपत नाही. डेटाशीट बघा, टीटीएलला १० च्या वर लावायचं नसतं. ७४ सिरीजचा आठ लाइनचा बफर आयसी मिळतो, असे आठ लावा, काम झालं. आमच्या पॅनेलमध्ये हेच वापरतो.

सिलिकॉनकाका
अंबडकर, ते १० वेगळ्या कारणाने येतात. साध्या टीटीएलचं आउटपुट लो असताना १६ मिलिअँप ओढू शकतं आणि प्रत्येक इनपुट १.६ मिलिअँप देतं, म्हणून १०. सीमॉसच्या इनपुटला स्थिर करंट जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे ६४ काय, ६४० लावले तरी लॉजिक लेव्हल बिघडत नाही, फक्त ते सगळे कपॅसिटन्स भरायला वेळ लागतो. इथे प्रश्न चिपच्या आतला आहे.

मधुरा, तू अर्धीच माहिती दिली आहेस. टेक्नॉलॉजी कोणती? एका मक्सचं सिलेक्ट इनपुट किती फेम्टोफॅरड? नॅन्डचं इनपुट किती? आणि मुख्य म्हणजे घातलेले इन्व्हर्टर कोणत्या साइझचे?

मधुरा_पंचवटी
१८० नॅनोमीटर, १.८ व्होल्ट, ngspice. मक्सचं इनपुट ५ फेम्टोफॅरड, नॅन्डचंही ५. इन्व्हर्टर पण तेवढेच, सगळे सारखेच ठेवलेत.

ई_घात
मग उत्तर सरळ आहे. प्रत्येक इन्व्हर्टर आधीच्याच्या २.७१८ पट करा. पाठ्यपुस्तकातला सिद्ध झालेला आकडा आहे, त्यात वाद नाही.

सिलिकॉनकाका
वाद आहे. २.७१८ तेव्हाच येतो, जेव्हा इन्व्हर्टरचं स्वतःचं ड्रेन कपॅसिटन्स शून्य धरता. ते इन्व्हर्टरच्या इनपुट कपॅसिटन्सइतकं धरलं की सर्वांत चांगलं गुणोत्तर साधारण ३.६ ला जातं. शिवाय तिथे आलेख इतका सपाट आहे की २.४ ते ६ मध्ये कुठेही राहिलात तरी डिले किमानापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वाढत नाही.

मधुरा, आधी तुझं कुठे अडलं ते बघू. ४ पट लोडवर एक इन्व्हर्टर किती वेळ घेतो?

मधुरा_पंचवटी
७५ पिकोसेकंद.

सिलिकॉनकाका
छान. त्यात ४ एककं लोडची आणि १ स्वतःचं, म्हणून एक एकक १५ पिकोसेकंदांचं. प्रत्येक पायरीचा डिले:

```
d = g*h + p
```

h म्हणजे पुढचं कपॅसिटन्स भागिले स्वतःचं इनपुट कपॅसिटन्स. g म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या इन्व्हर्टरपेक्षा गेटचं इनपुट कपॅसिटन्स किती पट, p म्हणजे गेटच्या स्वतःच्या ड्रेन कपॅसिटन्सचा डिले. इन्व्हर्टरला g = 1, p = 1. दोन-इनपुट नॅन्डमध्ये खालचे दोन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ असल्याने तेवढ्याच ताकदीसाठी ते रुंद करावे लागतात, म्हणून g = 4/3, p = 2.

तुझा एकटा नॅन्ड: h = 64, म्हणजे ८५.३ + २ = ८७.३ एककं, १.३१ नॅनोसेकंद. जुळलं. दोन सारखे इन्व्हर्टर घातल्यावर नॅन्डला ३.३, पहिल्या इन्व्हर्टरला २ आणि शेवटच्याला ६५ एककं लागली. ओझं नॅन्डवरून उचलून शेवटच्या छोट्या इन्व्हर्टरवर ठेवलंस, एवढंच झालं. आणखी दोन घातलेस तेव्हा त्यांची ४ एककं वर पडली. वेव्हफॉर्म बघ, आधीच्या पायऱ्यांच्या कडा खड्या आणि शेवटची लोळलेली दिसेल.

आता ओझं सारखं वाटू. सगळ्या वाटेचा एफर्ट, म्हणजे g आणि h यांचा गुणाकार, ४/३ × ६४ = ८५.३. तीन पायऱ्या धरल्या तर प्रत्येकीला याचं घनमूळ, म्हणजे ४.४:

```
D = 3*4.4 + 2 + 1 + 1 = 17.2
```

२५८ पिकोसेकंद. साइझ शेवटाकडून काढ: ६४ मक्सचे मिळून ६४ × ५ = ३२० फेम्टोफॅरड, ३२० ÷ ४.४ म्हणजे सुमारे ७२.७ फेम्टोफॅरडचा दुसरा इन्व्हर्टर, ७२.७ ÷ ४.४ म्हणजे १६.५ चा पहिला. त्याला चालवताना नॅन्डचा g*h ४.४ च येतो.

ई_घात
पण तीन इन्व्हर्टर घालून चार पायऱ्या केल्या तर? माझ्या गणिताने तोही १७.२ च येतो.

सिलिकॉनकाका
बरोबर आहे तुमचं, पण सिग्नल उलटा होतो. ते चालत असेल तर डिले सारखाच, जागा मात्र जास्त. उलटा नको म्हणून चार इन्व्हर्टर घातले तर १८.२, आणि इन्व्हर्टरांचं एकूण इनपुट कपॅसिटन्स ८९ वरून २१७ फेम्टोफॅरडवर जातं. इन्व्हर्टरांची स्वतःची पॉवर दुपटीहून जास्त आणि वेगही कमी. दोनच घाल.

द्राक्षबाग
एकच मोठा बफर कशाला? झाड करा. नॅन्डनंतर चार, त्यानंतर सोळा, प्रत्येकावर चार मक्स. फॅन-आउट कुठेच ४ च्या वर जात नाही, म्हणजे डिलेही कमी.

सिलिकॉनकाका
डिले त्याने कमी होत नाही. झाडाच्या एका पातळीवरच्या सगळ्या इन्व्हर्टरांची रुंदी एकत्र केली की साखळीतला तो एक इन्व्हर्टर तयार होतो, एफर्ट तोच. झाडाचा फायदा लांब वायरचा रेझिस्टन्स आडवा येतो तिथे. त्यावरून आठवलं, मधुरा, ३२० मध्ये वायर धरली आहेस का?

मधुरा_पंचवटी
नाही. मक्स एका उभ्या रांगेत आहेत, साधारण ४०० मायक्रॉन.

सिलिकॉनकाका
मायक्रॉनला ०.२ फेम्टोफॅरड धर, ८० वाढले. एकूण ४००. एकट्या नॅन्डला याने १.६३ नॅनोसेकंद लागले असते. तीन पायऱ्यांत ओझं वाटलं जातं, म्हणून डिले २५८ वरून २७३ पिकोसेकंद होतो, बस. साइझ १७.८ आणि ८४ कर.

अंबडकर
ते बफर आयसी एमजी रोडला सुटे मिळतात का कुणाला माहीत आहे? इथे विचारून घेतो.

मधुरा_पंचवटी
काका, झालं! पण २७३ नाही, ३०५ आला. असं मोजलं:

```
.meas tran tpd trig v(en) val=0.9 rise=1 targ v(y) val=0.9 fall=1
```

सिलिकॉनकाका
मोजणी बरोबर आहे, इनपुट चढताना तीन उलट्यांनंतर आउटपुट उतरतंच. नॅन्डमध्ये `en` कुठल्या ट्रान्झिस्टरवर आहे? ग्राउंडजवळच्या असेल तर मधला नोडही त्यालाच रिकामा करावा लागतो. उशिरा येणारा सिग्नल आउटपुटजवळच्या ट्रान्झिस्टरला द्यायचा.

मधुरा_पंचवटी
ग्राउंडजवळच होता. बदलला, २९० झाला. उरलेले १७ कुठले?

द्राक्षबाग
वायरचा रेझिस्टन्स. म्हणून झाड म्हणत होतो.

सिलिकॉनकाका
तिने वायर एकाच कपॅसिटरने दाखवली असेल तर रेझिस्टन्स सिम्युलेशनमध्ये नाहीच. मधुरा, नॅन्डच्या ट्रान्झिस्टरच्या ओळींत `AD`, `PD` लिहिलेत का, आणि ७५ मोजलेस त्या इन्व्हर्टरच्या ओळींत होते का? न लिहिल्यास ngspice ड्रेनचं क्षेत्रफळ शून्य धरतं. नॅन्डमध्ये असून त्या इन्व्हर्टरमध्ये नसतील तर तुझं १५ चं एककच लहान निघालंय. दोन्ही ओळी इथे टाक, मग बघू.