मदत हवी आहे: पेमेंटचा स्क्रीनशॉट खरा की खोटा?

नमस्कार मंडळी. मी घरून हातमागाच्या साड्या विकते. परवा 1,850 रुपयांच्या साडीची ऑर्डर आली. थोड्या वेळाने ताईंनी हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट पाठवला, पण रक्कम 18,500! "चुकून एक शून्य जास्त पडलं, 16,650 परत करा, दवाखान्यात आहे," असं म्हणत त्या सारखा फोन करू लागल्या. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर "18,500 credited" असा मेसेजही आला.

मी पैसे पाठवायलाच निघाले होते. मग दिसलं, की तो मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आलाय. बँकेचा मेसेज तर बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो. स्क्रीनशॉटवरचा UTR, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, मोजला तर अकराच आकडे, यूपीआयचा बारा आकडी असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये खातं उघडलं, एक रुपयाही जमा नव्हता. तसं सांगताच त्यांनी एक क्यूआर पाठवला: "स्कॅन करून पिन टाका, अडकलेले पैसे येतील." पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. तिथेच थांबले. त्यांचा नंबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवला.

माझी अडचण वेगळीच आहे. कधीकधी खऱ्या गिऱ्हाइकाचेही पैसे अडकतात, त्याच्या खात्यातून जातात पण माझ्याकडे दिसत नाहीत. कुरिअरवाला दारात उभा असतो. अशा वेळी तुम्ही पार्सल किती वेळ थांबवता? आणि जुन्या गिऱ्हाइकाला न दुखावता ते कसं सांगता?