डिकी लिटरने नाही, टेपने मोजा

> माहितीपत्रकात डिकी ३५० लिटर आहे. प्रॅम आणि दोन मोठ्या बॅगा मावतील का?

लिटरवरून ते कळत नाही. जर्मन वाहनउद्योग संघटनेच्या व्हीडीए पद्धतीत २०×१०×५ सेंमीचे, एकेक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. ते कोनाकोपऱ्यांतही बसतात, प्रॅम बसत नाही.

शोरूममध्ये टेप न्या. चाकांच्या कमानींमधली रुंदी, सामान झाकणाऱ्या पार्सल ट्रेपर्यंतची उंची आणि खोली मोजा. खोली मात्र दोनदा घ्या, तळाशी आणि ट्रेच्या उंचीवर, कारण मागची सीट कललेली असते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

समजा रुंदी १०० आहे, उंची ५२, खोली तळाशी ७० पण वर ६०. घडी केलेली प्रॅम ९५×५०×३० असेल तर ती सीटला टेकून आडवी राहते आणि ट्रेच्या उंचीवर ३० सेंमी खोली उरते. ६८×४५×२८ची एक बॅग लांब बाजूवर उभी राहील. दुसरीला जागा नाही. बॅगेशेजारच्या ३२ सेंमीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या पिशव्या मात्र मावतात.

शेवटी सामान भरून दार लावून बघाच. मागची काच आत कललेली असली की टेपवर बसलेली बॅगही अडते. प्रॅमची चाकं निघत असतील तर काढून पुन्हा मोजा, जाडी बऱ्यापैकी कमी होते.