दरमहा घरखर्च चालवायचाय, मग सीनियर सिटिझन स्कीम कशाला?

निवांत_६१: वडील या महिन्यात रिटायर झाले, हातात 30 लाख आलेत. सगळे पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम सुचवतात. पण ती व्याज देते तीन महिन्यांनी! किराणा आणि औषधं काय तीन महिन्यांनी घ्यायची? दरमहा हवं असेल तर बँकेची एफडीच, विषय संपला.

चिंचवडकर: विषय संपला म्हणे! आधी हिशेब करा. स्कीमचा दर एप्रिल 2023 ला 8.2 झाला. या दराने 30 लाखांवर तिमाहीला 61,500 येतात, म्हणजे महिन्याला 20,500. बँकेत 7 टक्के मिळाले असं धरू. दरमहा व्याज घेतलंत तर बँक ते थोडं कापून देते, कारण दर तिमाहीचा असतो आणि पैसे तुम्ही आधी उचलता. हातात येतात साधारण 17,400. दर महिन्याला तीन हजार सोडायचे, का तर तारीख सोयीची नाही म्हणून? पहिल्या तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात बाजूला ठेवा. व्याज त्याच खात्यात येऊ द्या आणि दर एक तारखेला 20,000 घरखर्चाच्या खात्यात वळते करा. हा द्राविडी प्राणायाम एकदाच करायचा.

मोहोळची_मावशी: त्याहून सोपं सांगते. दहा-दहा लाखांची तीन खाती फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये उघडा. मग दर महिन्याला एकाचं व्याज येईल. आम्ही एफडीत हेच करतो.

चिंचवडकर: मावशी, एफडीत चालतं, कारण तिथे बऱ्याच बँका तिमाही ठेवीच्या तारखेपासून मोजतात. इथे खातं कधीही उघडा, व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीलाच. 10 फेब्रुवारीला दहा लाख भरले तर एप्रिलमध्ये 50 दिवसांचे अकरा हजारांच्या आसपास मिळतील आणि पुढे सगळी खाती एकाच दिवशी बोलतील. व्याज उचललं नाही तर त्यावर व्याज नाही, हेही लक्षात ठेवा.

मोहोळची_मावशी: बरं बाई, चुकलं. पण तीन खाती करा हे तरी बरोबर ना?

रागिणी_डोंबिवली: तीन खाती कराच! माझ्या आईचे 15 लाख एकाच खात्यात. दीड वर्षात गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, लागत होते चार लाख. काउंटरवर उत्तर, "थोडे काढता येत नाहीत, पूर्ण बंद करा." 22,500 कापले. तारण ठेवून कर्जही नाही. एफडीवर तासाभरात कर्ज मिळालं असतं. तीन हजार जास्त मिळतात हे कौतुक मला नका सांगू.

चिंचवडकर: मान्य. एक ते दोन वर्षांत मोडलं की दीड टक्का, नंतर एक. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत घेतात. म्हणून सगळे 30 तिथे कोंबू नयेत, चार-पाच लाख एफडीत हवेतच. खाती वेगवेगळी असती तर तुमचं एकच मोडलं असतं.

रागिणी_डोंबिवली: हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता सगळे शहाणे.

सहकार_प्रेमी: पोस्ट नको, बँक नको. आमची पतसंस्था साडेनऊ देते, दरमहा, घरी आणून. अध्यक्ष ओळखीचे.

चिंचवडकर: साहेब, पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना असतो, पतसंस्थेला नाही. बुडाली तर अध्यक्ष ओळख दाखवतील का?

सहकार_प्रेमी: शहरी लोकांना सहकार म्हटलं की घोटाळाच दिसतो! आमच्या गावाचं दूध, ऊस, शाळा सगळं सहकारावर उभं आहे. मोठ्या बँका बुडत नाहीत काय?

मोहोळची_मावशी: सप्टेंबर 2019 ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. विमा असलेल्या बँकेची ही गत. माझी नणंद रांगेत उभी होती, मी बघितलंय. दूध वेगळं, म्हातारपणाची पुंजी वेगळी.

सहकार_प्रेमी: मग पोस्टाच्या रांगेत उभे राहा! सर्व्हर डाऊन, उद्या या.

रागिणी_डोंबिवली: तेवढं मात्र खरं बोललात.

चिंचवडकर: रांग नको असेल तर हीच स्कीम बँकेतही उघडता येते, दर तोच.

निवांत_६१: ठीक आहे, 25 स्कीममध्ये, पाच एफडीत. 25 वर तिमाहीला 51,250, म्हणजे महिन्याला सतरा हजारांच्या आसपास. पाच वर्षांनी दर पडले तर?

चिंचवडकर: उघडतानाचा दर पाच वर्षं तोच. पुढे तीन वर्षं वाढवलं तर मुदत संपतानाचा दर लागेल, आणि तो कमी असू शकतो. एफडीलाही तोच धोका, फक्त एफडी दहा वर्षांपर्यंतची मिळते.

निवांत_६१: म्हणजे एफडीचंही काहीतरी बरोबर होतं. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च आता मलाच द्यावा लागणार, ते वेगळं.