मदत हवी आहे: जुन्या पद्मिनीला पुढे दोन रेडियल टायर बसवावेत का, आणि ते ट्यूबशिवाय चालतील का?

पद्मिनीवाला (कोथरूड)
नमस्कार. वडिलांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालू स्थितीत आहे आणि अधूनमधून आम्ही ती पानशेतपर्यंत नेतो. तिला ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय टायर, म्हणजे बाजारातले नायलॉन टायर, ट्यूबसह आहेत. पुढचे दोन झिजले आहेत. नाना पेठेतील एका दुकानदाराने पुढे १५५/८० आर १४ मापाचे दोन ट्यूबलेस रेडियल बसवून मागचे नायलॉन तसेच ठेवण्यास सुचवले आहे. हे योग्य आहे का, आणि जुन्या रिमवर ट्यूब काढून टाकता येईल का?

घाटमाथा
रेडियल म्हणजेच ट्यूबलेस, त्यामुळे ट्यूबचा प्रश्नच उरत नाही. खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, हा मोठा फायदा आहे. नवे टायर पुढेच घाला, स्टिअरिंग सुधारेल.

निवृत्त टायरवाला (पिंपरी)
खिळ्याचे म्हणणे बरोबर आहे, बाकीचे नाही. रेडियल हा दोऱ्यांच्या मांडणीचा प्रकार आहे आणि ट्यूबलेस हा हवा कोंडण्याचा. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास नव्या मोटारींना सर्रास ट्यूबलेस टायर येऊ लागले, ते क्रॉसप्लायच होते. उलट आपल्याकडे ट्यूबवाले रेडियल कित्येक वर्षे विकले गेले.

मापाची अडचण नाही. ५.२० इंच म्हणजे १३२ मिमी रुंदी. जुन्या टायरची उंची रुंदीच्या साधारण ९५ टक्के धरली तर बाहेरचा व्यास सुमारे ६०६ मिमी येतो. सुचवलेल्या रेडियलचा ६०४ येतो. मात्र तो रुंदीला जास्त असल्याने स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हे पाहावे.

खरा धोका पुढे-मागे वेगळे टायर ठेवण्यात आहे. नायलॉन टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत जातात, त्यामुळे बाजूची भिंत वाकली की रस्त्यावर टेकलेला भागही तिच्याबरोबर वेडावाकडा होतो, आणि थर कात्रीसारखे सरकत राहिल्याने टायर तापतो. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थेट आडवे जातात आणि वरच्या रबराखाली पोलादी पट्टे स्वतंत्र असतात. भिंत मोकळेपणाने वाकते, पण खालचा भाग रस्त्यावर सपाट राहतो. म्हणून वळणावर रेडियल लवकर आणि जास्त पकड घेतो. तो फक्त पुढे असला तर पुढची चाके वळण घट्ट धरतात आणि मागची नायलॉनची चाके आधी बाहेर सरकतात. पावसात कात्रजचा घाट उतरताना गाडी मागून फिरू शकते. चारही रेडियल घ्या. पैशांअभावी दोनच घ्यायचे झाले तर ते मागे बसवा. एकाच अ‍ॅक्सलवर दोन प्रकार कधीही नकोत, त्यामुळे स्टेपनीचाही विचार आत्ताच करा.

हडपसरचा प्रवासी
माझ्या हॅचबॅकच्या रेडियलची बाजू सतत फुगलेली दिसते. ती सरळ दिसेपर्यंत मी हवा भरतो, तरी टायर मधोमध झिजले. कंपनीचा दोष असावा काय?

निवृत्त टायरवाला (पिंपरी)
धागा वेगळा आहे, तरी सांगतो: मऊ भिंतीमुळे रेडियल योग्य दाबालाही थोडा फुगीर दिसतोच. डोळ्यांवर न जाता, दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब गेजने मोजून ठेवा.

पद्मिनीवाला (कोथरूड)
आभारी आहे. एक टायर उतरवून रिम पाहिली. टायरची कड बसते तिथे कोठेही उंचवटा नाही, आणि थोडा गंजही आहे.

निवृत्त टायरवाला (पिंपरी)
मग ट्यूब काढू नका. ट्यूबलेसमध्ये आतला ब्युटिल रबराचा थर आणि रिमवर दाबून बसलेली टायरची कड, एवढ्यावरच हवा टिकते. खिळा घुसला तरी हा थर त्याला बिलगतो. ट्यूब मात्र फाटली की तिच्यातली हवा व्हॉल्व्हच्या छिद्रातून आणि टायरच्या कडेने झपाट्याने निघून जाते. मोटारींमधून ट्यूब हद्दपार होण्याचे मुख्य कारण तेच. पण कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा नसेल तर हवा कमी असताना जोरात वळण घेतल्यास कड आत घसरते आणि सगळी हवा एकदम जाते. गंजामुळे हवा झिरपते ते वेगळेच.

गॅरेज, भोसरी
अशाच रिम घासून, रंगवून आम्ही ट्यूबलेस बसवून दिल्या आहेत आणि त्या गाड्या व्यवस्थित चालतात. साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे.

निवृत्त टायरवाला (पिंपरी)
बुडबुड्यांवरून गळती कळेल. वळणावर कड जागेवर राहील की नाही, हे त्यातून कळत नाही. उंचवट्याच्या रिम मिळाल्या तर उत्तम.

पद्मिनीवाला (कोथरूड)
तशा रिम मिळेपर्यंत चारही रेडियलमध्ये ट्यूब घालण्याचा विचार आहे. परंतु ट्यूबलेस टायरच्या आतल्या बारीक रेघांवर घासून ट्यूब लवकर खराब होते, असे दुकानदार म्हणतो. रेडियलसाठीची ट्यूब शंखजिऱ्याची पावडर लावून वापरल्यास ती किती टिकते, याचा कोणाला अनुभव आहे का?