मँडरिन: 'तुमची आठवण येते' म्हणताना टोन चुकतोय, मदत हवी आहे

शिन्चूतला_सातारकर
शनिवारी पुन्हा व्हिडिओ कॉल आहे, त्याआधी हे सुटायला हवं. आजेसासूबाई तैवानमध्ये ताइचुंगला असतात. गेल्या कॉलवर मी त्यांना अगदी मनापासून 'वो श्यांग नी', म्हणजे 'मला तुमची आठवण येते', असं म्हणायला गेलो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ना-ली श्यांग?" म्हणजे, 'कुठे सारखा दिसतोस?' टोन चुकून मी 'मी तुमच्यासारखा दिसतो' असं म्हणालो होतो! बायकोने समजावून सांगितलं तेव्हा त्यांना कळलं, पण बोलायचं ते राहूनच गेलं. टोनचा, म्हणजे शब्दातल्या आवाजाच्या चढउताराचा, तक्ता पाठ आहे, अ‍ॅपवर रोज अर्धा तास घालवतो. तरी होत नाही. काय करू?

डोंबिवलीचा_दादा
टोनचा एवढा बाऊ करू नका. संदर्भावरून समोरच्याला कळतं. मी तीन वर्षं शेन्झेनला माल घ्यायला जायचो, टोनवाचून काही अडलं नाही. कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचा, झालं काम.

मृण्मयी_क
दादा, त्यांना आजेसासूबाईंशी भाव करायचा नाहीये.
सातारकर, थोडं सांगा. 'श्यांग' सुटा म्हणता तेव्हा बरोबर येतो का? पूर्ण वाक्यात जोर कुठल्या शब्दावर देता? आणि त्या दिवशी हळू म्हणालात की पटकन?

शिन्चूतला_सातारकर
सुटा बरोबर येतो, अ‍ॅप हिरवं दाखवतं. जोर अर्थातच 'श्यांग'वर, आठवण तोच शब्द आहे ना! हळूच म्हणालो, एकेक शब्द स्पष्ट करून.

रसिका_नाशिक
मग सोपं आहे. तिन्ही शब्द तिसऱ्या टोनचे आहेत. तिसरा टोन म्हणजे आवाज खाली नेऊन परत वर आणायचा. तुम्ही पुरता वर आणत नसाल. हाताने हवेत वाटीसारखी खूण करत तिन्ही शब्द म्हणा. मी कोर्समध्ये असंच शिकले आणि परीक्षा पास झाले.

मृण्मयी_क
रसिका, तिसऱ्या टोनचा सुटा शब्द असेल तर तुमचं बरोबर आहे. वाक्यात मात्र तसं कोणी बोलत नाही. पुस्तकात तिसरा टोन 214 असा लिहितात. पाच पायऱ्या धरल्या तर दुसरीवरून पहिलीवर उतरायचं आणि मग चौथीवर चढायचं. बोलताना पुढे दुसरा शब्द आला की ते चढणं गळून पडतं, आवाज नुसता तळाशी राहतो. तैवानमध्ये तर वाक्याच्या शेवटीही बरेच लोक वर आणत नाहीत.
आणि दोन तिसरे टोन लागोपाठ आले की पहिला बदलून दुसऱ्यासारखा चढता होतो. म्हणून 'श्यांग नी' मधला श्यांग खालून वर जातो आणि नी तळाशी बसतो. अ‍ॅपमध्ये आणि पुस्तकात खूण मूळ टोनचीच छापतात, त्यामुळे वाचून म्हणणारा फसतो.
सातारकर, तुमचं दुखणं मला वेगळंच वाटतं. मराठीत आपण एखाद्या शब्दावर जोर देतो तेव्हा आवाज उंचावून झपकन खाली टाकतो. मँडरिनचा चौथा टोन नेमका तोच. चौथ्या टोनचा 'श्यांग' म्हणजे 'सारखा असणे'. आठवण ठासून सांगायला गेलात आणि शब्दच बदलला.

डोंबिवलीचा_दादा
एक विचारतो. 'माय' म्हणजे विकत घेणे ना? मी दुकानात शिरलो की 'माय, माय' म्हणायचो आणि दुकानदार हसायचे.

मृण्मयी_क
तिसऱ्या टोनचा 'माय' म्हणजे घेणे, चौथ्याचा म्हणजे विकणे. जोर देऊन म्हणत असाल तर 'विकतो, विकतो' असं ऐकू गेलं असेल.

डोंबिवलीचा_दादा
अरे देवा. तीन वर्षं.

सिंगापूरची_शमा
भेटायला जाल तेव्हा भेट म्हणून घड्याळ नेऊ नका हं! 'घड्याळ देणे' आणि 'मरणाऱ्या वडीलधाऱ्यांची शेवटची सेवा करणे' दोन्ही 'सोंग चोंग'. तिथे टोनही तेच, त्यामुळे कितीही शुद्ध उच्चार केला तरी उपयोग नाही. फळं न्या.

शिन्चूतला_सातारकर
शमाताई, घड्याळाचं लक्षात ठेवतो, पण आत्ता प्रश्न उच्चाराचा आहे. मृण्मयी, पटलं. पण सराव कसा करू? डोक्यात नियम आहे, तोंडात येत नाही.

मृण्मयी_क
नियम डोक्यातून काढून टाका आणि चाल पकडा. 'नी हाव' तुम्ही रोज म्हणता, तेही तिसरा-तिसराच आहे. 'नी' चढतो, 'हाव' खाली बसतो. आता ओठ मिटून नुसतं 'हं-हं' असं त्या चालीत गुणगुणा. मग त्याच चालीत 'श्वे-च्याओ' म्हणा, म्हणजे पाण्यात उकडलेले डंपलिंग. ते चौथा-चौथा केलं तर 'झोपणे' होतं. मग 'श्यांग नी'. नी हाव, श्वे च्याओ, श्यांग नी, हे तिन्ही एका दमात दहा-बारा वेळा. शेवटी पुढे 'वो' जोडा, हलका आणि खालचा.
आणि आठवण जास्त येते हे दाखवायला 'श्यांग'वर आघात करू नका, तो शब्द जरा लांबवा. लांबवलात तरी चढण तशीच राहते.

रसिका_नाशिक
पण मग चढता श्यांग दुसऱ्या टोनच्या शब्दासारखा नाही का वाटणार? अर्थ परत बदलायचा.

मृण्मयी_क
ऐकायला जवळजवळ सारखाच वाटतो. 'घोडा विकत घेणे' आणि 'घोडा जमिनीत पुरणे' हे मँडरिनमध्ये नुसतं ऐकून तिथल्या लोकांनाही वेगळं सांगता येत नाही. तिथे मात्र दादा म्हणतात तसा संदर्भ कामी येतो.

वऱ्हाडी_ठेचा
फोनवर चिनी कीबोर्ड घ्या आणि बोलून टाइप करा. बरोबर अक्षर उमटलं की टोन बरोबर.

मृण्मयी_क
सुट्या शब्दाला ठीक. पण 'वो श्यांग नी' लोक इतकं बोलतात की टोन चुकला तरी फोन 'आठवण येते' हेच लिहून देतो. खोटं समाधान मिळतं. त्यापेक्षा Praat हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. Record mono Sound मधून आवाज भरा, View & Edit उघडा, आवाजाच्या उंचीची रेघ दिसते. बायकोचा आवाज आधी भरा, खाली तुमचा. श्यांगची रेघ चढताना दिसली पाहिजे. 'नी'च्या जागी ती तुटली तर घाबरू नका, आवाज खूप खाली गेला की घरघरतो आणि रेघ हरवते.

शिन्चूतला_सातारकर
दोन रात्री केलं. पहिल्या दिवशी माझी श्यांगची रेघ डोंगराच्या कड्यासारखी खाली येत होती, बायकोची वर जात होती. डोळ्यांनी पाहिल्यावर पटलं. काल वीसपैकी चौदा वेळा चढली. 'नी हाव' आधी म्हटलं की येते, थेट सुरुवात केली की घसरते. आता एक नवीन घोळ. बायकोचा 'वो' पण चढतो, मृण्मयी तर खालचा म्हणतात.

रसिका_नाशिक
माझे सर 'वो' चढताच म्हणायचे. तीन तिसरे आले की पहिले दोन्ही चढते.

मृण्मयी_क
पटकन बोलताना दोन्ही चढतात. 'वो' म्हणून क्षणभर थांबलं तर तो खाली राहतो. मी दोन्ही ऐकलंय आणि शिकणाऱ्याला थांबणं सोपं जातं. पण घरात बायको म्हणते तसंच म्हणा, आजींच्या कानाला तेच ओळखीचं.

सिंगापूरची_शमा
एक विचारू? ताइचुंगच्या इतक्या वयाच्या आजी घरात मँडरिन बोलतात की तैवानी?

शिन्चूतला_सातारकर
माझ्याशी मँडरिन. बायकोशी आणि शेजारणींशी बहुतेक तैवानी. सगळे त्यांना 'आमा', म्हणजे आजी, म्हणतात. हे आधी सांगायला हवं होतं का?

मृण्मयी_क
हो! तैवानीत टोन जास्त आहेत आणि जवळजवळ प्रत्येक शब्द पुढचा शब्द आला की बदलतो, ते शनिवारपर्यंत शक्य नाही. पण 'आमा' एवढी हाक बायकोकडून नीट शिकून घ्या. आधी हाक मारा, त्यांनी बघितलं की थांबा, मनात 'नी हाव' म्हणा आणि मग वाक्य.

शिन्चूतला_सातारकर
बायको म्हणते माझ्या 'आमा'मधला 'मा' पण चुकतोय. आज रात्री तोच घेऊन बसतो.