मदत हवी आहे: सोया पेय दुधाच्या घरात कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आम्ही सोयाबीनपासून बिनसाखरेचं पेय बनवतो. नियमानुसार पाकिटावर 'दूध' हा शब्द चालत नाही, म्हणून 'सोया पेय' लिहितो. इथे दारात म्हशीचं दूध येतं, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: "साय धरते का? तूप निघतं का?" तूप निघत नाही, हे आम्ही सरळ सांगतो.

खरी परीक्षा चहात होते. आलं घालून चहाबरोबर उकळलं, की चहाचा आंबटपणा आणि उष्णता यांनी सोयाची प्रथिनं गोळा होतात आणि कपात कण तरंगतात. सासूबाईंनी एकदा ते पाहिलं, की पाकीट पुन्हा घरात येत नाही. कोरा चहा उकळून, गॅस बंद करून, मिनिटभराने कोमट केलेलं पेय हळूहळू ओतलं तर सहसा फुटत नाही. पण रोजची सवय बदला, असं गिऱ्हाईकाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून माझ्या मते दुधाशी स्पर्धाच नको. घरात दूध पचत नाही असं एखादं माणूस असतंच. त्याच्यासाठी 'दुधाशेजारचं दुसरं पाकीट' म्हणून विकावं. भागीदाराला मात्र 'दुधाला पर्याय' हीच ओळ हवी आहे.

तुमच्या घरात कोणती ओळ चालेल? आणि चहाची कृती पाकिटाच्या दर्शनी बाजूला छापावी, की त्याने शंकाच वाढेल? किराणा किंवा डेअरीचा अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.